व्हिडिओतल्या फ्रेमला वेळेचं नाव

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी रोज एक आकडा असतो, तो म्हणजे राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेच्या पातळीचा. ३९ फूट झाले की इशारा पातळी, ४३ फूट झाले की धोका पातळी. पाणी तासातासाला किती चढतं हे पाहायचं असेल, तर फुटांच्या खुणा असलेल्या मोजपट्टीसमोर कॅमेरा लावून चित्रण करता येतं. पण दोन तासांचा व्हिडिओ हातात आला म्हणजे नोंदी हातात आल्या असं नाही. त्या व्हिडिओतून ठरावीक अंतरानं स्थिर चित्रं, म्हणजे फ्रेम, काढाव्या लागतात. पुढे माणूस किंवा संगणक त्यावरची पातळी वाचणार असल्यामुळे, कोणतं चित्र किती वाजताचं हेही कळावं लागतं.

मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. दोन तासांच्या अशा व्हिडिओत २,१६,००० फ्रेम होतात. त्या सगळ्या काढल्या तर डिस्क भरेल आणि शेजारशेजारच्या फ्रेममध्ये फरकही दिसणार नाही. म्हणून किती अंतरानं फ्रेम घ्यायची ते आधी ठरवायचं, आणि ते चित्रातली गोष्ट किती वेगानं बदलते त्यावरून ठरवायचं. चौकातली वाहनं मोजायची असतील तर सेकंदाला एक फ्रेमही अपुरी पडेल. नदीची पातळी मात्र सावकाश चढते, तेव्हा मिनिटाला एक फ्रेम पुरेशी वाटते.

वाटते खरी, पण पुराचं पाणी हेलकावतं. समजा, एका मिनिटात दर १० सेकंदांनी घेतलेल्या सहा फ्रेममध्ये पातळी अशी दिसली : ३८ फूट ११ इंच, ३९ फूट, ३९ फूट ३ इंच, ३८ फूट १० इंच, ३९ फूट, ३८ फूट ११ इंच. मिनिटाला एकच फ्रेम घेतली असती आणि नेमकी तिसरी हाती लागली असती, तर इशारा पातळी ओलांडल्याची नोंद झाली असती. सहाही आकडे चढत्या क्रमानं लावले की मधली किंमत ३८ फूट ११ इंच आणि ३९ फूट यांच्या दरम्यान येते. म्हणजे पाणी अजून इशारा पातळीच्या जरासं खालीच आहे. म्हणून इथे १० सेकंदांचं अंतर योग्य. दोन तासांच्या ७२० फ्रेम होतात, त्या सहज हाताळता येतात.

हे काम करायला एफएफएमपेग हे मोफत साधन वापरतात. ते संगणकावर बसवलं की एक ओळ टाइप करून काम होतं. समजा, २६ जुलै २०२५ रोजी सकाळी साडेसहाला चित्रण सुरू केलं आणि फाइलचं नाव `0630.mp4` ठेवलं. तर ओळ अशी :

```
ffmpeg -i 0630.mp4 -vf "fps=1/10:round=up" -start_number 0 -q:v 2 rajaram_20250726_0630_%04d.jpg
```

यातल्या `fps=1/10` चा अर्थ दहा सेकंदांना एक फ्रेम. `-q:v 2` मुळे जेपीजी चित्र चांगल्या दर्जाचं राहतं, नाहीतर पट्टीवरच्या बारीक खुणा पुसट होण्याची भीती असते. `round=up` हा शब्द मात्र बरेच जण गाळतात. तो गाळला तर हे साधन वेळ जवळच्या टप्प्याकडे वळवतं आणि पहिली फ्रेम शून्याव्या सेकंदाची न येता पाचव्या सेकंदाच्या आसपासची येते. पुढच्या साऱ्या फ्रेमही तशाच पाच सेकंद सरकतात. नदीच्या बाबतीत पाच सेकंदांनी काही बिघडत नाही, पण मिनिटाला एक फ्रेम घेतली की हीच चूक अर्ध्या मिनिटाची होते.

काही जण वेळेऐवजी फ्रेम मोजतात. सेकंदाला ३०, म्हणून दर तीनशेवी फ्रेम घ्यायची, असा हिशेब. पण अंधूक उजेडात बरेच मोबाइल फ्रेमची गती आपोआप कमी करतात. पावसाळी पहाटे ती सेकंदाला २० वर आली, तर तीनशे फ्रेमना १० नव्हे, १५ सेकंद लागतात. उजाडल्यावर गती पुन्हा वाढते आणि हिशेब आणखी चुकतो. चित्रं मात्र नीटच दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. म्हणून फ्रेम मोजून नव्हे, वेळेनुसारच काढाव्यात.

आता नावांकडे येऊ. वरच्या ओळीतून `rajaram_20250726_0630_0000.jpg` पासून पुढे नावं तयार होतात. सुरुवात शून्यापासून केल्यामुळे शेवटच्या आकड्याला दहानं गुणलं की सुरुवातीपासूनचे सेकंद मिळतात. समजा, `0214` क्रमांकाच्या चित्रात पाणी पहिल्यांदा ३९ फुटांवर दिसलं. २१४ गुणिले १० म्हणजे २,१४० सेकंद, म्हणजे ३५ मिनिटं ४० सेकंद. साडेसहात ते मिळवले की ७ वाजून ५ मिनिटं ४० सेकंद ही वेळ मिळते.

`%04d` मुळे आकड्याआधी शून्यं भरली जातात. ती नसतील तर कित्येक प्रोग्रॅम नावं अक्षरक्रमानं लावताना १० ला २ च्या आधी ठेवतात आणि पातळीचा आलेख उगाच वरखाली उड्या मारतो. तारीखही वर्ष, महिना, दिवस अशीच लिहायची, म्हणजे अक्षरक्रम आणि कालक्रम एकच होतो. वेळ `06:30` अशी लिहू नये, कारण विंडोजमध्ये फाइलच्या नावात विसर्गासारखं ते चिन्ह चालत नाही.

नावात सुरुवातीची वेळ हवी याचं आणखी एक कारण आहे. लांब चित्रणाच्या फाइलचे काही कॅमेरे आपोआप तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याची गणती पुन्हा शून्यापासून सुरू होते. दोन तुकड्यांसाठी नाव एकच दिलं, तर एफएफएमपेग जुन्या चित्रांवर नवी चित्रं न विचारता लिहून टाकतं. `0630` आणि `0710` असे वेगळे आकडे नावात असले की हा धोका टळतो.

सुरुवातीची वेळ कुठून घ्यायची? व्हिडिओच्या फाइलमध्ये ती नोंदलेली असते, पण मोबाइल ती बहुधा जागतिक प्रमाणवेळेत लिहितो. त्यामुळे आपले साडेसहा तिथे रात्रीचा एक म्हणून दिसतात. काही फोन तर चित्रण संपल्याची वेळ नोंदवतात. यावर साधा उपाय म्हणजे चित्रण सुरू करताच सेकंद दाखवणारं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि संपवण्याआधी पुन्हा एकदा धरायचं. पहिलं घड्याळ सुरुवात सांगतं. दुसऱ्या घड्याळाच्या फ्रेमवरची वेळ आणि नावावरून काढलेली वेळ जुळली, तर मधल्या साऱ्या नोंदींवर विसंबता येतं.

काम संपल्यावर फोल्डरमधल्या फाइल मोजा. दोन तासांना ७२० किंवा ७२१ फाइल हव्यात. त्याहून बऱ्याच कमी असतील तर व्हिडिओ मध्येच तुटला आहे, त्याचा पुढचा तुकडा शोधा. आणि मूळ व्हिडिओ पुसू नका. अंतर चुकीचं निवडलं होतं असं उद्या लक्षात आलं, तर नव्या फ्रेम फक्त त्यातूनच काढता येतात.