ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी आर्थिक गरज कशी मांडावी?

ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात 'आपली आर्थिक गरज थोडक्यात लिहा' असा एक रकाना असतो. गावाकडच्या विद्यार्थ्यांचे अर्ज भरून घेताना आम्हाला त्यात बहुतेक वेळा एकच मजकूर दिसतो: वडील अल्पभूधारक शेतकरी, शेती पावसावर, परिस्थिती हलाखीची. हे खरे असते, पण समोर असे शेकडो अर्ज असतात. निवड करणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: नेमके किती पैसे कमी पडतात आणि ते कधी कमी पडतात.

नोकरदाराचा पगार दरमहा येतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात मोठी रक्कम वर्षातून एकदा, सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आसपास येते. प्रवेश मात्र जून-जुलैत होतात. नेमके तेव्हाच घरातला पैसा बियाणे आणि खतात गेलेला असतो. शेतकऱ्याच्या मुलामुलीची अडचण या तारखांमध्ये असते आणि अर्जात नेमकी तीच राहून जाते.

एक उदाहरण करून पाहू. समजा, वाशिम जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. करते. वडिलांची ३ एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीन १८ क्विंटल झाले आणि ४,२०० रुपये भावाने विकले, तर ७५,६०० रुपये आले. बियाणे, खत, फवारणी, निंदण, सोंगणी आणि मळणीला ४५,००० गेले. उरले ३०,६००. आई-वडिलांच्या मजुरीचे ५०,००० धरले तर घराचे वर्षाचे उत्पन्न ८०,६०० होते.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे विक्रीची पूर्ण रक्कम उत्पन्न म्हणून लिहिणे. दुसरी म्हणजे सोसायटीचे पीककर्ज खर्चात पुन्हा धरणे. ते कर्ज बियाणे-खतातच गेलेले असते, म्हणून तोच खर्च दोनदा मोजला जातो. कर्जाची थकबाकी असेल तर ती वेगळ्या वाक्यात लिहावी.

आता शिक्षणाचा खर्च. फी शासनाच्या शिष्यवृत्तीतून भागते असे धरू. जुलै ते एप्रिल या दहा महिन्यांत खोलीभाडे २०,०००, मेस ३०,०००, पुस्तके व प्रात्यक्षिकाचे साहित्य ५,००० आणि प्रवास ४,००० असे ५९,००० लागतात. घरून १५,००० मिळतील, तिने सुट्टीत काम करून ६,००० जमवले आहेत. तूट ३८,००० रुपयांची आहे. यावरून तिचा मजकूर असा होईल:

"माझे वडील ३ एकर कोरडवाहू शेती करतात. शेतीचा खर्च वजा जाता आणि आई-वडिलांची मजुरी धरून घराचे वार्षिक उत्पन्न सुमारे ८०,६०० रुपये आहे. फी वगळता माझा वर्षाचा खर्च ५९,००० आहे. माझी बचत ६,००० आहे, घरून १५,००० मिळतील, पण ते सोयाबीन विकल्यावर, नोव्हेंबरमध्ये. जुलै ते ऑक्टोबरच्या खर्चासाठी मला २०,००० कमी पडतात आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी १८,०००. ही मदत जुलै आणि जानेवारी अशा दोन हप्त्यांत मिळाली तरी चालेल. मी स्वाधार योजनेसाठीही अर्ज केला आहे. ती रक्कम मंजूर झाल्यास ट्रस्टला लगेच कळवीन."

यातले शेवटचे वाक्य गाळू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे, हे ट्रस्टवाल्यांना माहीत असते. अर्ज केला की नाही, हे तुम्ही लिहिले नाही तर लपवल्यासारखे वाटते. शासनाचे पैसे उशिरा येत असतील तर तेही साध्या शब्दांत लिहावे.

मग मजकूर कागदांशी ताडून पाहावा. तहसीलच्या दाखल्यावर ७२,००० आणि मजकुरात ८०,६०० असेल, तर वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. दाखला आधीच्या आर्थिक वर्षाचा असेल आणि हिशेब या हंगामाचा, तर तसे एका ओळीत लिहावे. सातबाऱ्याचेही तसेच आहे. उताऱ्यावर ९ एकर दिसते, पण ती वडील आणि दोन काकांची सामाईक जमीन असते. 'वाटणी कागदावर झालेली नाही, वडिलांच्या वाट्याला ३ एकर येते' हे लिहिले नाही तर अर्ज ९ एकरवाल्याचा ठरतो. विक्रीची पट्टी जपून ठेवली असेल तर तिची झेरॉक्स जोडावी, कारण भाव आणि वजन दोन्ही तिच्यावर असतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ट्रस्टची रक्कम ठरलेली असेल तर ३८,००० मागून १५,००० मिळतील. म्हणून कोणता खर्च आधी भागला पाहिजे, तेही सांगावे. वरच्या उदाहरणात ती मेस आणि खोली असेल, कारण ते पैसे दरमहा द्यावेच लागतात. पुस्तके ग्रंथालयातून मिळू शकतात.

अर्ज पाठवण्याआधी मजकूर आई-वडिलांना वाचून दाखवा. खर्चाचा एखादा आकडा चुकला असेल तर तो त्यांच्याच लक्षात येतो, आणि ट्रस्टकडून चौकशीचा फोन आला तर घरून तेच उत्तर मिळते.