डाळ मिलमधील अचानक तपासणी : कीड नोंदवही, नमुना आणि चौथा भाग

शेतकरी उत्पादक कंपन्यांनी चालविलेल्या लहान डाळ मिलमध्ये अन्न सुरक्षा अधिकारी पूर्वसूचना न देता येऊ शकतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३८ ने त्याला जागेत प्रवेश करण्याचा, नमुना घेण्याचा आणि संशयास्पद माल ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आहे. शेतकऱ्याच्या शेतावरील पीक व उत्पादन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे हा कायदा आपल्याला लागू होत नाही, असा समज अनेक सभासदांमध्ये आढळतो. परंतु तूर खरेदी करून, भरडून, पाकिटात भरून विकणारी मिल हा अन्न व्यवसाय असतो आणि तिला कायदा पूर्णपणे लागू होतो.

कडधान्यांच्या बाबतीत तपासणीचा सर्वांत नाजूक मुद्दा किडीचा असतो. कायद्याने ‘असुरक्षित अन्न’ म्हणजे काय हे सांगताना अळ्या, सोंडे किंवा कीटक लागलेल्या अन्नाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. लेबलवरील त्रुटी आणि डाळीतील जिवंत कीटक यांचे परिणाम म्हणूनच सारखे नसतात. असुरक्षित अन्नासाठी दंडाबरोबर कारावासाचीही तरतूद आहे.

कडधान्यावरील भुंगेऱ्याचा जीवनक्रम लक्षात घेतल्यास नोंदवही कशी असावी हे आपोआप स्पष्ट होते. या किडीचा प्रादुर्भाव पुष्कळदा शेतातच, पक्व शेंगांवर सुरू होतो. मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी चिकटवते आणि ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. अळी दाण्यात शिरते, आतच कोषावस्था पूर्ण करते आणि प्रौढ भुंगेरा गोल छिद्र पाडून बाहेर येतो. उष्ण हवेत या सर्वांस साधारण चार आठवडे लागतात. म्हणजेच खरेदीच्या दिवशी निर्दोष दिसणारा माल महिन्याभरात किडका निघू शकतो. धुरी देताना प्रौढ कीटक लवकर मरतात. अंडी आणि कोष मात्र वायूला अधिक काळ दाद देत नाहीत. तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढून मेलेले भुंगेरे पाहून समाधान मानणाऱ्या मिलमध्ये पुढील महिन्यात नवी पिढी हमखास दिसते.

यासाठी कीड नोंदवहीत धुरीची तारीख लिहिणे पुरेसे नाही. थप्पीचा क्रमांक, मालाचे वजन, वापरलेल्या गोळ्यांची संख्या, ताडपत्री लावल्याची व काढल्याची तारीख आणि मोकळी हवा किती वेळ दिली हे सर्व त्यात असावे. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या वापरावर निर्बंध आहेत. म्हणून धुरी मान्यताप्राप्त कीडनियंत्रण संस्थेकडूनच घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र वहीलाच जोडावे. सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक वह्यांमध्ये नसलेली, नोंद म्हणजे चौथ्या आठवड्यातील फेरतपासणी. त्या दिवशी थप्पीच्या निरनिराळ्या भागांतील पोत्यांतून बंबीने दाणे काढून ते चाळले, काय आढळले आणि पुढे काय केले, हे लिहिलेले असावे. ‘काही आढळले नाही’ हीदेखील नोंदच आहे. मात्र वर्षभर प्रत्येक ओळीत तेच शब्द, तीच शाई आणि तेच अक्षर दिसले की अनुभवी अधिकाऱ्याला ती वही एका बैठकीत लिहिली असल्याचे लगेच कळते.

कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातील एका मिलचे काल्पनिक उदाहरण घेऊ. फेब्रुवारीत ४० क्विंटल तूर खरेदी झाली आणि तिला थप्पी क्रमांक ३ देण्यात आला. सात दिवसांची धुरी झाली. चौथ्या आठवड्यात भिंतीलगतच्या ६ पोत्यांत भुंगेरे आढळले. ही पोती बाजूला काढून, ‘नाकारलेला माल, विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावून वेगळ्या खोलीत ठेवण्यात आली आणि उरलेल्या थप्पीला पुन्हा धुरी देण्यात आली. एप्रिलमध्ये ३४ क्विंटल तूर भरडून २४ क्विंटल ५० किलो डाळ मिळाली. तिची एक किलोची २,४५० पाकिटे एकाच बॅच क्रमांकाने भरली गेली आणि त्यांपैकी १,९८० विकली गेली.

मे महिन्यात अधिकारी येतो आणि नाकारलेल्या मालाच्या खोलीच्या दारात त्याला भुंगेरे दिसतात. येथे ‘ती घरच्या वापराची तूर आहे’ असे उत्तर देणे सर्वांत घातक असते. नोंदवही उघडली तर ६ पोत्यांचा हिशेब मिळतो आणि पाटी त्याला दुजोरा देते. विक्रीच्या मालाची खोली स्वच्छ आहे आणि तेथे ४७० पाकिटे मोजून मिळतात. खरेदीपासून शिल्लक मालापर्यंत आकडे जुळले की संशयाचे क्षेत्र लहान होते. पाकिटे ४३० किंवा ५१० निघाली, तर उत्तम धुरीची नोंदसुद्धा फारशी उपयोगी पडत नाही, कारण ती याच मालाची आहे हे सिद्ध होत नाही. अधिकारी दारात असताना घाईने कीटकनाशक फवारण्याचे प्रकारही घडतात. त्याने कीड लपत नाही, उलट डाळीत अवशेषांचा दुसरा दोष निर्माण होतो.

अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहण्याची विनंती नम्रपणे करावी. तीत अवमान नाही. एकच जबाबदार व्यक्ती बरोबर राहावी आणि इतरांनी आपापले काम चालू ठेवावे. माहीत नसलेल्या प्रश्नाला ‘नोंद पाहून सांगतो’ एवढेच उत्तर द्यावे. अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे संतापी सभासदांना आधीच सांगून ठेवलेले बरे. अन्न सुरक्षा अधिकारी जागेवर रोख दंड वसूल करीत नाही. दंडाचा निर्णय न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे असतो आणि तो अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसतो. रोख रक्कम मागणारी व्यक्ती तोतया असण्याची शक्यता म्हणूनच गंभीरपणे घ्यावी.

नमुना घेताना अधिकाऱ्याने विश्लेषणाच्या हेतूची लेखी सूचना द्यावी लागते, साक्षीदाराची स्वाक्षरी घ्यावी लागते आणि नमुन्याची नेहमीच्या विक्रीदराने किंमत चुकती करावी लागते. नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद केले जातात. एक अन्न विश्लेषकाकडे आणि दोन पदावधित अधिकाऱ्याकडे जातात. चौथा भाग अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे पाठविला जातो, पण तो केवळ व्यावसायिकाने विनंती केल्यासच. ही विनंती त्याच वेळी, लेखी करावी. तपासणीचे शुल्क आपल्याला भरावे लागेल हे गृहीत धरावे. दोन अहवालांत तफावत आढळल्यास पदावधित अधिकारी आपल्याकडील एक भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवितो आणि तिचा निर्णय अंतिम मानला जातो. बहुतेक मिल गोंधळात ही विनंती करण्याचे विसरतात आणि एकाच अहवालावर अवलंबून राहतात.

सूचना कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर ती वाचून घेतल्याशिवाय स्वाक्षरी करू नये. बॅच क्रमांक व भरण्याची तारीख पाकिटावरील मजकुराशी ताडून पाहावी आणि प्रत मागून घ्यावी. नमुन्यासाठी दिलेली पाकिटे त्याच दिवशी साठा वहीत घटवावीत. वरील उदाहरणात ४ पाकिटे गेली, तर शिल्लक ४६६ लिहावी. अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. अहवाल प्रतिकूल असल्यास त्याची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पदावधित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. हे दिवस मोजण्यासाठी प्रत कोणत्या तारखेला हाती आली ती लिफाफ्यावरच लिहून ठेवावी आणि अपिलाला कीड नोंदवहीतील त्या थप्पीच्या पानांच्या प्रती जोडाव्यात.