आठ स्तंभ, दीडशे शब्द

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडेमिक प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न बहुधा एखाद्या आकृतीवर असतो. कधी तक्ता येतो, कधी नकाशा, कधी एखादी प्रक्रिया, आणि बऱ्याचदा स्तंभालेख. त्या आकृतीचे वर्णन किमान १५० शब्दांत करायचे असते. लेखनाच्या एका तासापैकी वीस मिनिटे त्याला द्यावीत असे सुचवलेले असते, कारण उरलेल्या निबंधाच्या प्रश्नाला दुप्पट वजन आहे. प्रश्नाखालच्या सूचनेत तीन कामे सांगितलेली असतात: मुख्य वैशिष्ट्ये निवडणे, ती मांडणे आणि जिथे लागू असेल तिथे तुलना करणे. यांतले निवडण्याचे काम सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. पहिल्या स्तंभापासून शेवटच्या स्तंभापर्यंत एकेक आकडा वाचून दाखवणारे उत्तर व्याकरणाने निर्दोष असले तरी त्याला वरचे गुण मिळत नाहीत.

उदाहरणासाठी भारताच्या जनगणनेतील साक्षरतेचे आकडे घेता येतील. समजा, प्रश्नात १९८१, १९९१, २००१ आणि २०११ या चार वर्षांचा जोडस्तंभालेख दिला आहे. प्रत्येक वर्षाला दोन स्तंभ आहेत, एक पुरुषांच्या साक्षरतेचा आणि एक स्त्रियांच्या. पूर्णांकात पुरुषांचे आकडे ५६, ६४, ७५ आणि ८१ टक्के असे आहेत, तर स्त्रियांचे ३०, ३९, ५४ आणि ६५ टक्के. एकूण आठ स्तंभ.

पेन उचलण्याआधी दोन-तीन मिनिटे या आकड्यांची नीट उलटतपासणी करावी. दोन्ही रांगा चढत्या आहेत हे कोणालाही दिसते. त्यापुढे पाहायचे ते दोन स्तंभांमधले अंतर. १९८१ मध्ये ते २६ होते, १९९१ मध्ये २५, नंतर २१ आणि शेवटी १६. म्हणजे पहिल्या दशकात दोघेही जवळपास सारखेच वाढले आणि दरी जशीच्या तशी राहिली. ती बुजू लागली १९९१ नंतर. दोघांचीही सर्वांत मोठी उडी १९९१ ते २००१ या दशकातली आहे. आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही, पण ती फार बोलकी आहे: २०११ मध्ये स्त्रिया ६५ वर पोहोचल्या, तेव्हा त्या साधारण तिथेच होत्या जिथे पुरुष १९९१ मध्येच पोहोचले होते. २००१ च्या ५४ कडे पाहिले तर तो आकडाही १९८१ मधल्या पुरुषांच्या ५६ च्या आसपासच आहे. वीस वर्षांचे हे अंतर उत्तरात एका वाक्यात आले, तरी आलेख खरोखर वाचला गेला आहे याची खात्री परीक्षकाला पटते.

उत्तराची सुरुवात आलेख कशाचा आहे ते सांगणाऱ्या एका वाक्याने होते. प्रश्नातले वाक्य जसेच्या तसे उतरवू नये, कारण उतरवलेला मजकूर जमेस धरला जात नाही. ‘द बार चार्ट कम्पेअर्स द लिटरसी रेट्स ऑफ मेन अँड विमेन इन इंडिया इन फोर सेन्सस यिअर्स बिटवीन १९८१ अँड २०११’ एवढे पुरते. त्यानंतर लगेच येतो गोषवारा, ज्याला परीक्षेच्या भाषेत ‘ओव्हरव्ह्यू’ म्हणतात. यात आकडे नसावेत, चित्र असावे: ‘ओव्हरऑल, लिटरसी रोझ अमंग बोथ सेक्सेस, बट द इन्क्रीज वॉज ग्रेटर अमंग विमेन अँड द गॅप नॅरोड, ऑल्दो मेन रिमेन्ड अहेड थ्रूआउट.’ प्रश्नाला कितपत न्याय मिळाला हे ठरवताना परीक्षक या वाक्याला मोठे महत्त्व देतात. स्पष्ट गोषवारा नसेल आणि तपशील यांत्रिकपणे मांडलेला असेल, तर त्या निकषात पाचव्या बँडच्या वर जाणे कठीण होते. गोषवारा शेवटी लिहिला तरी चालतो. पण वेळ संपत आल्यावर जे राहून जाते ते नेमके शेवटचेच असते. म्हणून तो दुसऱ्या परिच्छेदातच उरकून टाकणे शहाणपणाचे.

तपशिलाचे दोन परिच्छेद पुरतात आणि त्यांची विभागणी कशी करायची हाही एक निर्णयच असतो. एकात पुरुष आणि दुसऱ्यात स्त्रिया अशी वाटणी केली, तर तुलना बाजूलाच राहते. काळाप्रमाणे वाटणी केली की प्रत्येक परिच्छेदात दोघेही समोरासमोर येतात. पहिल्यात १९८१ आणि १९९१: ‘इन १९८१, ५६ पर्सेंट ऑफ मेन वेअर लिटरेट, कम्पेअर्ड विथ ओन्ली ३० पर्सेंट ऑफ विमेन. टेन यिअर्स लेटर, बोथ फिगर्स हॅड रिझन बाय अ सिमिलर अमाउंट, सो द गॅप वॉज व्हर्च्युअली अनचेंज्ड.’ दुसऱ्यात मोठ्या उडीचे दशक आणि शेवट: ‘द लार्जेस्ट राइज केम बिटवीन १९९१ अँड २००१, व्हेन द फीमेल रेट क्लाइम्ड बाय १५ पर्सेंटेज पॉइंट्स टू ५४ पर्सेंट. बाय २०११ इट हॅड रीच्ड ६५ पर्सेंट, रफली द लेव्हल मेन हॅड अटेन्ड ट्वेंटी यिअर्स अर्लिअर.’ आठपैकी प्रत्येक आकडा आलाच पाहिजे असे नाही. पुरुषांचा १९९१ चा आकडा इथे सांगितलेला नाही आणि त्यावाचून काही अडत नाही.

कलदर्शक शब्दांचा खजिना मोठा वाटतो, पण त्यातले रोज लागणारे शब्द थोडेच आहेत. वाढीसाठी ‘राइज’, ‘इन्क्रीज’, ‘क्लाइम्ब’. घटीसाठी ‘फॉल’, ‘ड्रॉप’, ‘डिक्लाइन’. स्थिर राहिल्यास ‘रिमेन स्टेबल’. वाढून मग सपाट झाल्यास ‘लेव्हल ऑफ’. सर्वोच्च बिंदूसाठी ‘पीक ॲट’. प्रत्येकाची दोन रूपे हाताशी असावीत. क्रियापद घेतले की क्रियाविशेषण लागते, ‘रोझ शार्पली’. नाम घेतले की विशेषण लागते, ‘अ शार्प राइज इन लिटरसी’. ही अदलाबदल करता आली की मोजक्या शब्दांतही वाक्यांचा तोच तोचपणा टळतो. तीव्रता दाखवणारा शब्द मात्र आकड्याला शोभला पाहिजे. ६४ वरून ७५ ही वाढ ‘कन्सिडरेबल’ म्हणता येईल; तिला ‘स्कायरॉकेटेड’ म्हटले तर शब्द आलेखापेक्षा मोठा होतो.

स्तंभालेखाची एक मर्यादा इथे लक्षात घ्यायला हवी. दोन स्तंभांच्या मध्ये दहा वर्षे आहेत आणि त्या काळात काय घडले ते आलेख सांगत नाही. म्हणून ‘फ्लक्चुएटेड’ म्हणजे वरखाली होत राहिले, किंवा ‘स्टेडिली इयर बाय इयर’, असे शब्द या आलेखासाठी निराधार ठरतात. सलग रेषेच्या आलेखासाठी पाठ केलेली वाक्ये स्तंभालेखावर चिकटवली की ही चूक होते.

काही स्तंभालेखांत काळच नसतो. २०११ च्या जनगणनेतील केरळ ९४ टक्के, गोवा ८९, महाराष्ट्र ८२ आणि बिहार ६२ असे चार स्तंभ समोर आले, तर त्यात काहीही वाढत किंवा घटत नाही. तरीही ‘लिटरसी डिक्रीज्ड फ्रॉम केरला टू बिहार’ अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत येतात, कारण डोळ्यांना स्तंभ उतरत गेलेले दिसतात. अशा आलेखाला तुलनेचीच भाषा लागते: ‘द हायेस्ट’, ‘स्लाइटली लोअर दॅन’, ‘फॉलोड बाय’, ‘अराउंड टू-थर्ड्झ ऑफ द फिगर फॉर केरला’. म्हणून आडव्या अक्षावर वर्षे आहेत की नावे, हे सर्वांत आधी पाहावे.

मराठीतून विचार करणाऱ्यांच्या ठरावीक चुका सहसा मराठी वाक्यरचनेतूनच येतात. ‘स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी होते’ हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजीत मात्र ‘द रेट ऑफ विमेन वॉज लोअर दॅन मेन’ असे लिहिले की प्रमाणाची तुलना थेट माणसांशी होते. तिथे ‘दॅन दॅट ऑफ मेन’ हवे. तसेच ‘विमेन इन्क्रीज्ड टू ६५ पर्सेंट’ म्हटले तर स्त्रियाच वाढल्या असा अर्थ निघतो. वाढते ते प्रमाण, म्हणून कर्ता ‘द फीमेल लिटरसी रेट’ असावा.

शब्दयोगी अव्ययांची जागा इंग्रजीत छोटी ‘प्रेपोझिशन्स’ घेतात आणि तिथे अर्थच बदलतो. ‘रोझ बाय १५’ म्हणजे पंधराने वाढले, ‘रोझ टू १५’ म्हणजे पंधरावर पोहोचले. वाढ कशात झाली ते सांगताना ‘ॲन इन्क्रीज इन’, किती झाली ते सांगताना ‘ॲन इन्क्रीज ऑफ’. क्रियापदांत ‘राइज’चे भूतकाळी रूप ‘रोझ’ आहे, ‘राइज्ड’ नव्हे. आणि ‘रेझ्ड’ हे दुसऱ्याच क्रियापदाचे रूप आहे, ज्याला उचलणारा कोणीतरी लागतो.

टक्क्यांतली चूक सर्वांत महाग पडते, कारण तीत भाषाच नव्हे तर माहितीही चुकते. स्त्रियांचे प्रमाण ३० वरून ६५ वर गेले, तेव्हा ‘रोझ बाय ३५ पर्सेंट’ लिहिणे चूक आहे. ३० मध्ये ३५ टक्के भर घातली तर बेरीज जेमतेम साडेचाळीस होते. इथे ‘बाय ३५ पर्सेंटेज पॉइंट्स’ हवे, किंवा सरळ ‘मोअर दॅन डबल्ड’. आकड्यापुढे ‘पर्सेंट’ येते, ‘पर्सेंटेज’ नाही. ‘पर्सेंटेज’ला आधी ‘द’ किंवा ‘अ’ लागते आणि पुढे ‘ऑफ’.

काळाच्या बाबतीत आलेख काय दाखवतो हे वर्तमानकाळात आणि सरलेल्या वर्षांत काय झाले हे भूतकाळात लिहावे. पुढच्या वर्षांचे अंदाज दिलेले असतील, तर ‘इज प्रोजेक्टेड टू राइज’ अशी रचना लागते.

साक्षरता का वाढली, कोणत्या योजनांमुळे वाढली, हे या उत्तरात येऊ नये. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असले तरी आलेखात ते नाही, आणि दीडशे शब्दांतले वीस-पंचवीस त्यावर गेले तर तेवढी तुलना कमी पडते. स्वतःचे मत किंवा ‘सरकारने अमुक करावे’ हेही त्यातलेच. त्याची जागा निबंधाच्या प्रश्नात आहे. शेवटची दोन मिनिटे उरली, तर ती उत्तरातला प्रत्येक आकडा पुन्हा स्तंभाशी ताडून पाहण्यासाठी आणि प्रत्येक ‘बाय’ व ‘टू’ तपासण्यासाठी वापरावीत.