दोन तासांचं कुलूप

भूकंप किंवा पूर आला की त्या भागाचे नकाशे तातडीने हवे असतात. २०१५च्या नेपाळच्या भूकंपात जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून ओपनस्ट्रीटमॅपवर घरं आणि रस्ते रेखाटले. अशा कामाची वाटणी ‘टास्किंग मॅनेजर’वर होते. मोठा प्रदेश छोट्या चौकोनांत कापलेला असतो. एक चौकोन निवडला की त्याला तुमच्या नावाचं कुलूप लागतं आणि दुसऱ्या कुणाला तो घेता येत नाही.

पण अनेकजण चौकोन घेतात, ब्राउझर बंद करतात आणि परतत नाहीत. असे चौकोन अडकून पडू नयेत म्हणून साधारण दोन तासांनी कुलूप आपोआप सुटतं आणि चौकोन पुन्हा सर्वांसाठी खुला होतो. नियम मला योग्यच वाटतो. मात्र घड्याळ चौकोन घेतल्या क्षणापासून चालतं, तुम्ही काम करताय की नाही हे ते पाहत नाही. मधे नकाशावर काम अपलोड केलं तरी मुदत वाढत नाही, कारण नकाशा आणि वाटणीची यंत्रणा वेगवेगळ्या आहेत.

खरं नुकसान इथेच होतं. समजा, एकीने रात्री आठला चौकोन घेतला. जोसम या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साठ घरं काढली, पण अपलोड न करता ती जेवायला गेली. दहाला कुलूप सुटलं. सव्वादहाला दुसऱ्याने तोच चौकोन घेतला. नकाशा रिकामा दिसला, म्हणून त्यानेही तीच घरं काढून अपलोड केली. अकराला पहिलीने आपली घरं चढवली. ती नवी असल्यामुळे सर्व्हरने काहीच हरकत घेतली नाही आणि प्रत्येक घरावर दुसरं घर बसलं. आता ते निस्तरायचं काम तपासणाऱ्याच्या गळ्यात!

मुरलेले लोक म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी अपलोड करतात. मग कुलूप सुटलं तरी मेहनत नकाशावर असते आणि पुढच्याला ती दिसते. दाट वस्तीचा चौकोन एका बैठकीत उरकणार नाही असं दिसलं, तर `Split Task` वापरून ते सुरुवातीलाच त्याचे चार तुकडे करतात आणि एकच हाती ठेवतात. मुदत संपत आली असेल तर ती वाढवूनही घेता येते. उठावंच लागलं, तर केलेलं अपलोड करून, काम अपुरं असल्याचं नोंदवून, कुठवर झालं हे टिपणीत लिहून ते चौकोन स्वतःच सोडतात.

आणि तुमच्या चौकोनाचं कुलूप सुटलेलंच असेल, तर घाईने अपलोड करू नका. आधी त्या भागाची ताजी माहिती उतरवून घ्या, जोसमची तपासणी चालवा आणि एकमेकांवर चढलेली घरं दिसली तर त्यातली आपली काढून टाका.