स्पॅनिश शिकताना : ‘के’नंतरची रिकामी जागा

गेल्या भागात आपण सबजंक्टिव्हची रूपं कशी होतात ते पाहिलं. ‘आब्लार’ म्हणजे बोलणं. त्याचं ‘आब्लास’ (तू बोलतोस) हे साधं रूप सबजंक्टिव्हमध्ये ‘आब्लेस’ होतं. ‘कोमेर’ म्हणजे खाणं. तिथं उलट ‘कोमेस’चं ‘कोमास’ होतं. ‘आ’च्या जागी ‘ए’ आणि ‘ए’च्या जागी ‘आ’. रूपं पाठ व्हायला वेळ लागत नाही. खरी अडचण येते ती गाळलेल्या जागा भरताना. कंसात मूळ क्रियापद दिलेलं असतं, त्याच्या आधी ‘के’ असतो, आणि साधं रूप लिहायचं की सबजंक्टिव्ह हे आपण ठरवायचं असतं.

बहुतेक पाठ्यपुस्तकं यासाठी यादी देतात: इच्छा, शंका, भावना. मुख्य वाक्यात यांपैकी काही असेल तर ‘के’नंतर सबजंक्टिव्ह. यादी चुकीची नाही, पण ती ‘कुठे’ एवढंच सांगते, ‘का’ सांगत नाही. म्हणून यादी तोंडपाठ असलेला विद्यार्थीही चौथ्या-पाचव्या वाक्याला अडखळतो. मराठी माणसाला मात्र एक सोय आहे. आपल्या व्याकरणात विध्यर्थ आहे: यावं, करावं, असावं. या तीन गटांपैकी कुठे हा विध्यर्थ मदतीला येतो आणि कुठे तो चुकीच्या दिशेला नेतो, एवढंच आज पाहू.

इच्छेच्या गटात तो भरवशाचा आहे. ‘किएरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’. मराठीत ‘यावंस’, स्पॅनिशमध्ये ‘बेनीर’चं सबजंक्टिव्ह रूप ‘बेंगास’. (लिहिताना यात ‘व्ही’ असतो, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ‘ब’च होतो.) सांगणं या अर्थाचं ‘देसीर’ तर हा फरक आरशासारखा दाखवतं. ‘दीसे के ब्येनेस’ म्हणजे तू येतोयस असं तो सांगतो. ही झाली बातमी. ‘दीसे के बेंगास’ म्हणजे तू यावंस असं तो सांगतो. हा झाला निरोप. शाळेत फ्रेंच घेतलेल्यांनी एका ठिकाणी जपायचं. आशा व्यक्त करताना फ्रेंच साधं रूप घेते, स्पॅनिश मात्र ‘एस्पेरो के’नंतर सबजंक्टिव्हच घेते.

भावनेचा गट सगळ्यांना कोड्यात टाकतो. ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी’: तू इथं आहेस याचा मला आनंद आहे. समोरचा माणूस खरोखर समोर बसला आहे, त्यात शंका कसली? मग साधं ‘एस्तास’ का नाही? सबजंक्टिव्ह म्हणजे अनिश्चितता असं मनात धरलं तर याचं उत्तर सापडत नाही. पण मराठीतलं हे वाक्य पाहा: ‘त्यानं असं बोलावं याचं मला आश्चर्य वाटतं.’ तो बोलला आहे, हे घडून गेलेलं आहे, तरी आपण ‘बोलावं’ म्हणतो. कारण तो बोलला ही बातमी आपण देत नाही. ती दोघांनाही ठाऊक आहे. आपण तिच्याकडे बोट दाखवून स्वतःच्या मनाची अवस्था सांगतो. स्पॅनिशचं नेमकं हेच आहे. ‘के’नंतरचा मजकूर बोलणारा आपल्या नावावर विधान म्हणून मांडत असेल तर साधं रूप, तो फक्त विषय म्हणून पुढे ठेवून त्यावर इच्छा, शंका किंवा भावना नोंदवत असेल तर सबजंक्टिव्ह. फरक एवढाच की मराठीत हा विध्यर्थ आश्चर्य आणि खेदापुरता चालतो. आनंदाच्या वाक्यात आपण सरळ ‘आलास’, ‘आहेस’ म्हणतो. म्हणून माझ्या पाहण्यात आनंदाचीच वाक्यं जास्त चुकतात.

ही कसोटी यादीपेक्षा भक्कम का, ते ‘सेन्तीर’ या क्रियापदावरून कळतं. ‘स्येन्तो के एस्तेस एन्फेर्मो’ म्हणजे तू आजारी आहेस याचं वाईट वाटतं. ‘स्येन्तो के एस्तास एन्फेर्मो’ म्हणजे तू आजारी आहेस असं मला जाणवतं. क्रियापद एकच. पहिल्यात आजार माहीतच आहे आणि बोलणारा हळहळतो. दुसऱ्यात आजार आहे हेच तो सांगू पाहतो. अशी रिकामी जागा आली तर यादीकडे न पाहता मागचं-पुढचं वाक्य वाचावं.

शंकेच्या गटात मात्र मराठी कान दगा देतो. ‘आना घरी असावी’ असं आपण अंदाजानं म्हणतो आणि स्पॅनिशमध्ये सबजंक्टिव्ह लिहून मोकळे होतो. तिथं उत्तर साधं असतं: ‘क्रेओ के आना एस्ता एन कासा’. ‘क्रेओ’ म्हणजे मला वाटतं. ते वाटणं कितीही कच्चं असलं तरी आना घरी आहे हे विधान बोलणारा आपल्या जबाबदारीवर करतो. ‘नो क्रेओ के’ म्हटलं की तो ते विधान नाकारतो, आणि लगेच ‘एस्ते’ येतं. त्यात आपलं ‘वाटतं’ दोन्हीकडे चालतं: ‘तू यावंस असं वाटतं’ ही इच्छा, ‘तू येशील असं वाटतं’ हा अंदाज. गाळलेली जागा भरताना आधी हे दोन ‘वाटतं’ वेगळे करावेत.

आता एक छोटं पत्र सोडवू. एक मैत्रीण दुसरीला लिहिते: ‘एस्पेरो के ____ (एस्तार) ब्येन. से के ____ (तेनेर) मूचो त्राबाखो, इ मे दा पेना के नो ____ (पोदेर) बेनीर. क्रेओ के मी एर्मानो ____ (येगार) एल साबादो, पेरो दूदो के से ____ (केदार). किएरो ____ (बेर) ते.’ म्हणजे: तू बरी असशील अशी आशा आहे, तुला खूप काम आहे हे माहीत आहे, तुला येता येत नाही याचं वाईट वाटतं, भाऊ शनिवारी पोचेल असं वाटतं पण तो राहील की नाही शंका आहे, मला तुला भेटायचंय.

पहिल्या जागी आशा, म्हणून ‘एस्तेस’. ‘से के’ म्हणजे मला माहीत आहे. ते सरळ विधान, म्हणून ‘त्येनेस’. तिसऱ्या जागी न येणं ठरलेलंच आहे, पण ती त्यावर हळहळते, म्हणून ‘प्वेदास’. चौथी जागा सापळ्याची. आधी-नंतर सबजंक्टिव्ह आल्यामुळे हात आपोआप ‘येगे’ लिहायला जातो. पण ‘क्रेओ’ आहे, म्हणून ‘येगा’. ‘दूदो’ म्हणजे शंका, तेव्हा ‘केदे’. शेवटच्या जागेआधी ‘के’च नाही. इच्छा जिची, भेटणारीही तीच. अशा वेळी मूळ क्रियापद तसंच राहतं: ‘किएरो बेर्ते’. मराठीतही इथं विध्यर्थ नाही, आपण ‘भेटायचंय’ म्हणतो.

दोन मर्यादा लक्षात असू द्या. ‘नो से सी’ म्हणजे ‘की नाही ते माहीत नाही’. यात शंका शंभर टक्के आहे, पण ‘के’च्या जागी ‘सी’ आहे, आणि त्यानंतर साधं रूप येतं: ‘नो से सी ब्येने’. दुसरी गोष्ट, लॅटिन अमेरिकेतले काही लोक बोलताना भावनेच्या क्रियापदांनंतर साधं रूप वापरतात, ते ऐकून गोंधळू नका. परीक्षेच्या कागदावर तिथं सबजंक्टिव्हच अपेक्षित असतो.

पुढच्या भागात ‘क्वांदो’. तिथं इच्छा नाही, शंका नाही, भावनाही नाही, आणि तरी उद्याची गोष्ट आली की सबजंक्टिव्ह हजर होतो.