एका क्षणाची वीज आणि बंद पडणारा पीसी

गेम ऐन रंगात असताना स्क्रीन काळी होते, पंखे थांबतात. निळी स्क्रीन नाही, कसला संदेश नाही. बटण दाबलं तरी पीसी चालू होत नाही. मागचा स्विच बंद करून काही सेकंद थांबलं की मात्र तो मुकाट्याने सुरू होतो. दुकानात नेलं तर आधी विंडोज नव्याने टाकतात, मग रॅम बदलतात. बिघाड बऱ्याचदा दोन्हींत नसतो.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०९० हे २०२० मधलं कार्ड घ्या. त्याची वीज ३५० वॅट सांगितलेली आहे, पण ही सरासरी. चिपवरचा भार मिलिसेकंदाच्या आतबाहेर बदलतो. विजेवर लक्ष ठेवणारी कार्डावरची यंत्रणा थोड्या अवधीची सरासरी पाहून वेग कमी करते, आणि तेवढ्या वेळात कार्डाने ५५० वॅटच्या वर उडी मारलेली असते. भिंतीच्या प्लगवरच्या मीटरला तिचा पत्ताही लागत नाही.

आता ६५० वॅटच्या एसएमपीएसचा हिशेब करू. कार्ड ३५०, प्रोसेसर १५०, बाकी सारं ५०. एकूण ५५०, म्हणजे १०० वॅट शिल्लक. पण कार्ड ५७० वर गेलं की बेरीज ७७० होते. एसएमपीएसमधलं अतिभार-संरक्षण समजा ७५० ला लावलेलं असेल, तर ते पुरवठा तोडतं आणि तसंच अडकून राहतं; म्हणूनच मागचा स्विच बंद करावा लागतो.

सगळेच एसएमपीएस असे तुटत नाहीत. काहींचं संरक्षण क्षणभराची उडी सोडून देतं, काहींचं लगेच उडतं. त्यामुळे चांगल्या कंपनीचा, काटेकोर संरक्षणाचा एसएमपीएस बंद पडतो आणि ढिल्या संरक्षणाचा एखादा स्वस्त मॉडेल तोच भार खपवून घेतो. म्हणून तो स्वस्त मॉडेल चांगला, असं मात्र समजू नये. खरं शॉर्टसर्किट झालं तर तो ढिलेपणा महागात पडेल.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये Kernel-Power 41 ही नोंद दिसेल. ती फक्त पीसी नीट बंद न होता पडला एवढंच सांगते; कारण सांगत नाही. म्हणून एक प्रयोग करावा: कार्डाचा कमाल वेग आणि व्होल्टेज थोडं उतरवायचं, गेमची फ्रेम-संख्या बांधून ठेवायची. बंद पडणं थांबलं, तर संशय उड्यांवर पक्का होतो. नुसती पॉवर लिमिट कमी केल्याने सरासरी उतरते, उड्या मात्र तितक्या उतरतीलच असं नाही. कार्डाला दोन सॉकेट असतील तर दोन वेगळ्या केबल लावाव्यात, एकाच केबलची दोन टोकं नकोत. विशेषतः ज्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टच्या वेगवेगळ्या रेल असतात, तिथे याने फरक पडतो.

इंटेलने २०२२ मध्ये आणलेल्या एटीएक्स ३.० मानकात हा प्रश्न थेट हाताळला आहे. कार्डाची नवी जोडणी असलेल्या मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, अशी अट त्यात आहे. नवा घेताना वॅटच्या आकड्याबरोबर हेही विचारावं.