आधी गाळा, मग आम्ल घाला

भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात क्रोम प्लेटिंगची अनेक छोटी युनिट्स आहेत. क्रोमिक आम्लाच्या टाकीतून चकाकून निघालेला सुटा भाग पाण्यात धुतला, की ते पाणी पिवळं होतं. हा पिवळेपणा हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे सहा संयुजेच्या क्रोमियमचा. हे क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं, मातीतून विहिरीपर्यंत पोहोचतं आणि कर्करोगकारक आहे. तीन संयुजेचं क्रोमियम मात्र त्या मानाने बरंच निरुपद्रवी असतं आणि चुन्याने गाळात बसवता येतं. म्हणून नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात एकूण क्रोमियमला लिटरमागे 2 मिलिग्रॅमची मुभा आहे, पण हेक्साव्हॅलंटला फक्त 0.1 मिलिग्रॅमची.

छोट्या युनिटमध्ये शुद्धीकरणाची एक स्वस्त पद्धत म्हणजे हिराकस, अर्थात फेरस सल्फेट. त्यातलं लोह सहा संयुजेच्या क्रोमियमला तीनवर आणतं, मग चुना घालून सगळं गाळाबरोबर खाली बसवतात. पद्धत चांगली आहे, पण तिच्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्यात लोह येतं आणि तांबूस गढूळपणाही येतो. नेमक्या याच दोन गोष्टी मोजमापाला नडतात.

मोजण्याची रीत जुनी आणि सुंदर आहे. डायफेनिलकार्बाझाइड नावाचं पांढरं चूर्ण, 50 मिलिलिटर ॲसिटोनमध्ये 250 मिलिग्रॅम, विरघळवून तपकिरी बाटलीत ठेवतात. द्रावण रंग धरू लागलं की ते टाकून द्यायचं. नमुन्यात गंधकाम्ल घालून तो चांगला आम्लधर्मी करायचा, 100 मिलिलिटरपर्यंत आणायचा, त्यात हे द्रावण 2 मिलिलिटर घालायचं आणि पाच ते दहा मिनिटं थांबायचं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम या रसायनाचं ऑक्सिडीकरण करतं, स्वतः तीन संयुजेचं होतं आणि दोघं मिळून जांभळट-गुलाबी संयुग बनवतात. आधीपासून तीन संयुजेचं असलेलं क्रोमियम हा रंग देत नाही, म्हणून पद्धतीची निवड इतकी नेमकी. रंगाची गडदता 540 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. एक सेंटिमीटरच्या कुपीत 0.1 मिलिग्रॅमला सुमारे 0.077 ॲब्सॉर्बन्स येतो. आकडा लहान आहे, म्हणून थोडीशी गढूळताही त्याला सहज गिळते.

हे समजायला एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी मांडले आहेत, पण अशी परिस्थिती प्रत्यक्षात येते. समजा, हिराकस आणि चुन्याने शुद्ध केलेल्या पाण्याच्या चारीत, बाहेर पडण्याच्या तोंडाशीच, धुवणाच्या न शुद्ध केलेल्या पाण्याची एक गळती येऊन मिसळते आहे. पाणी तांबूस आणि गढूळ आहे. त्यात चुन्या-गंधकाम्लाच्या संयोगातून आलेले जिप्समचे बारीक कण आहेत आणि लोखंडी गाळाचे तुकडे आहेत. त्या तुकड्यांत न वापरलं गेलेलं फेरस लोह अडकून बसलं आहे.

पहिल्या तंत्रज्ञाने बाटलीतलं पाणी तसंच घेतलं, आम्ल आणि डायफेनिलकार्बाझाइड घातलं, आणि शुद्ध पाण्यावर तयार केलेल्या कोऱ्या द्रावणावर यंत्र शून्य केलं. वाचन आलं 0.112. म्हणजे लिटरमागे जवळपास 0.145 मिलिग्रॅम, मर्यादेपेक्षा जास्त. दुसऱ्याने त्याच पाण्याचा आणखी एक भाग घेतला, त्यात बाकी सगळं घातलं, फक्त डायफेनिलकार्बाझाइड घातलं नाही. हा नमुन्याचा स्वतःचा कोरा भाग. त्याचं वाचन 0.110. वजाबाकी 0.002, म्हणजे क्रोमियम जवळजवळ नाहीच. अहवालात ‘आढळले नाही’ लिहायला तो मोकळा.

पहिलं उत्तर चुकीचं होतं हे उघड आहे, कारण ते गढूळपणाचं मोजमाप होतं. दुसरंही चुकीचं होतं, आणि ते जास्त घातक. आम्ल पडताच गाळाचे तुकडे विरघळू लागले, आतलं फेरस लोह सुटलं आणि त्याने काचेच्या भांड्यातच क्रोमियमचं रूपांतर तीन संयुजेत करून टाकलं. एक मिलिग्रॅम क्रोमियम संपवायला सव्वातीन मिलिग्रॅमच्या आसपास फेरस लोह पुरतं. म्हणजे लिटरमागे 0.12 मिलिग्रॅम क्रोमियम गिळायला 0.4 मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह पुरे, आणि अशा गाळात त्याहून कितीतरी जास्त असतं.

हे कळायचं कसं? त्याच नमुन्याच्या आणखी एका भागात, आम्ल घालण्याआधी, लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम होईल इतकं क्रोमियम मुद्दाम टाकायचं. वाचन 0.077 ने वाढायला हवं. इथे ते फक्त 0.009 ने वाढलं, म्हणजे बारा टक्केच परत मिळालं. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या पद्धतीत ही परतफेड 85 ते 115 टक्के असावी लागते. ही तपासणी दर नव्या प्रकारच्या पाण्यावर केलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण वजाबाकीने गढूळपणा जातो, पण गिळलेलं क्रोमियम परत येत नाही.

आता तिसरी वाट. पाणी जागेवरच, 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून घेतलं. गाळ पडद्यावर राहिला, त्याच्या पोटातलं लोहही तिथेच राहिलं. निवळ पाण्यात मग आम्ल घातलं. रंगाचं वाचन 0.098, कोऱ्या भागाचं 0.006, फरक 0.092, म्हणजे लिटरमागे 0.12 मिलिग्रॅम. टाकलेलं क्रोमियम 96 टक्के परत मिळालं. या आकड्यावर विश्वास ठेवता येतो, आणि तो मर्यादेबाहेर आहे.

निवळ पाण्यात थोडं फेरिक लोह उरलंच, तर ते आम्लात पिवळट छटा देतं. तिचा मोठा भाग 540 पासून दूर, निळ्या-अतिनील पट्ट्यात असतो, म्हणून त्रास बेताचा. फॉस्फोरिक आम्लाचे काही थेंब घातले की लोह त्याच्याशी रंगहीन जोड बनवतं आणि छटा बरीच मावळते. उरलेली कोऱ्या भागातून वजा होते. फक्त दोन्ही भाग सारखाच वेळ उभे ठेवायचे आणि कुपी भरण्याआधी सारखेच हलवायचे, कारण बारीक कण दर मिनिटाला खाली बसत असतात.

एक जुनी सवय इथे मोडावी लागते. धातूंच्या तपासणीचा नमुना टिकावा म्हणून बाटलीत आधीच नायट्रिक आम्ल घालून ठेवतात. एकूण क्रोमियमसाठी ते योग्य, पण हेक्साव्हॅलंटसाठी तीच चूक घडते: लोह असेल तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मोजायचं काही उरत नाही. त्याची बाटली वेगळी, आम्लाविना, थंड ठेवायची आणि 24 तासांत तपासायची.

गाळणीलाही मर्यादा आहे. पाणी उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी असेल, तर फेरिकचा गाळ क्रोमेट स्वतःला चिकटवून ठेवतो आणि ते पडद्यावर राहतं. चुन्याने 9 च्या आसपास नेलेल्या पाण्यात ही चिकट बरीच कमी असते. म्हणून गाळण्याआधी पीएच मोजून नोंदवहीत लिहायचा, आणि अहवालात ‘विरघळलेलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम’ असंच म्हणायचं.